एकच वही, महागाईचे दोन आकडे: स्थिर भार आणि चालू भार कसे लावायचे

आमच्या आईच्या हिशेबाच्या वहीत दर महिन्याचं एक पान असतं. त्यात चार जिन्नस कायम पहिल्या चार ओळींत येतात: तूरडाळ, मूगडाळ, टोमॅटो, दूध. यंदा दोन वर्षांची पानं शेजारी ठेवून धाकटा भाऊ म्हणाला, "आई, तेव्हा या चार गोष्टींना अडीच हजार लागायचे, आता सव्वीसशे तीस. म्हणजे महागाई पाच टक्केच झाली की!" आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अरे, टोमॅटो सहा किलो आणत होते, ते दोन किलोवर आणले. तूरडाळ निम्मी केली. तेव्हा कुठे सव्वीसशेत भागलं."

किंमत निर्देशांकाचा सगळा प्रश्न आईच्या या एका वाक्यात आहे. धाकट्या भावाने मोजला तो खर्च. त्यात भावही आहेत आणि आईने कमी केलेल्या किलोही आहेत. निर्देशांकाला फक्त भाव वेगळे काढायचे असतात. त्यासाठी किलो कुठेतरी थांबवून धरावे लागतात. ते जुन्या पानावरचे धरायचे की नव्या पानावरचे, एवढं ठरवलं की उत्तर ठरतं. आणि ही दोन उत्तरं एकसारखी येत नाहीत. हे स्वतः करून पाहिल्याशिवाय नीट पटत नाही, म्हणून तेच पान इथे घेतो. आकडे गुणायला सोपे जावेत म्हणून मी थोडे गोल केले आहेत.

पहिली पायरी: चार रकाने

कुठलाही भारित निर्देशांक, म्हणजे खर्चातल्या वाट्याप्रमाणे प्रत्येक वस्तूला वजन देणारा आकडा, काढायला प्रत्येक वस्तूचे चार आकडे लागतात: आधार काळातला भाव, आधार काळातलं प्रमाण, चालू काळातला भाव, चालू काळातलं प्रमाण. बारावीच्या अर्थशास्त्रात हेच p₀, q₀, p₁, q₁ म्हणून येतात.

| वस्तू | जुना भाव (रु.) | जुनं प्रमाण | नवा भाव (रु.) | नवं प्रमाण |
|---|---|---|---|---|
| तूरडाळ | १२० | ४ किलो | १७० | २ किलो |
| मूगडाळ | १०० | १ किलो | ११० | ३ किलो |
| टोमॅटो | ३० | ६ किलो | ८० | २ किलो |
| दूध | ५८ | ३० लिटर | ६० | ३० लिटर |

रकाने भरताना एक काळजी घ्या. दोन्ही भाव त्याच वस्तूचे, त्याच दर्जाचे आणि शक्यतो त्याच जागेचे हवेत. जुना भाव मंडईतला आणि नवा भाव घरपोच ॲपवरचा असेल, तर जो फरक दिसेल त्यात दुकान बदलल्याचा फरकही मिसळलेला असेल. मंडईत पावशेरचा भाव पाटीवर लिहिलेला असतो. तो किलोत करून घ्यायचं राहिलं तर एकाच ओळीत चौपट चूक होते, आणि ती चूक शेवटच्या आकड्यात अशी विरघळते की शोधूनही सापडत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत नव्या भावाला जुन्या भावाने भागून एकदा डोळ्यांखालून घालायचं. इथे तूरडाळ १.४२ पट, मूगडाळ १.१० पट, टोमॅटो २.६७ पट, दूध १.०३ पट. या पटी पटण्यासारख्या वाटल्या की मगच पुढे जायचं.

दुसरी पायरी: जुनी पिशवी, नवे भाव

एटिएन लास्पेयर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये मांडलेली पद्धत अशी आहे. जुनी पिशवी जशीच्या तशी ठेवायची आणि विचारायचं, हीच पिशवी आज भरायला किती लागतील?

जुनी पिशवी जुन्या भावाने: तूरडाळ ४८०, मूगडाळ १००, टोमॅटो १८०, दूध १७४०. एकूण २५०० रुपये. तीच पिशवी आजच्या भावाने: तूरडाळ ६८०, मूगडाळ ११०, टोमॅटो ४८०, दूध १८००. एकूण ३०७० रुपये. ३०७० ला २५०० ने भागून शंभराने गुणलं की १२२.८. म्हणजे स्थिर भाराने महागाई २२.८ टक्के.

आता हेच भाराच्या भाषेत करून पाहू, कारण सरकारी निर्देशांकात किलो दिसत नाहीत, भारच दिसतात. जुन्या २५०० रुपयांत तूरडाळीचा वाटा १९.२ टक्के, मूगडाळीचा ४, टोमॅटोचा ७.२ आणि दुधाचा ६९.६. भार म्हणजे हेच, आधार काळातल्या खर्चातला वाटा. प्रत्येक वस्तूचा भाव किती टक्क्यांनी वाढला ते भाराने गुणलं की त्या वस्तूने एकूण महागाईत किती भर घातली ते मिळतं. टोमॅटो १६६.७ टक्क्यांनी वाढला, भार ७.२, म्हणून त्याची भर १२ अंकांची. तूरडाळीची ८, दुधाची २.४, मूगडाळीची ०.४. बेरीज २२.८. किलोच्या हिशेबाने आलेला आकडा आणि हा आकडा जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर भार चुकीच्या काळाचे घेतले गेलेत का ते आधी पाहा.

या बेरजेत जे दिसतं ते मला फार मोलाचं वाटतं. खर्चात जेमतेम सात टक्के वाटा असलेल्या टोमॅटोने निम्म्याहून जास्त महागाई आणली, आणि सत्तर टक्के वाट्याच्या दुधाने अगदी थोडी. एकट्या भावाच्या उडीवरून किंवा एकट्या भारावरून यातलं काहीच कळलं नसतं.

तिसरी पायरी: नवी पिशवी, दोन्ही भाव

हर्मान पाशे याने १८७४ मध्ये उलट बाजू धरली. आज प्रत्यक्षात जी पिशवी घरी आली ती घ्यायची आणि विचारायचं, हीच पिशवी तेव्हाच्या भावाने कितीला पडली असती?

आजची पिशवी आजच्या भावाने: तूरडाळ ३४०, मूगडाळ ३३०, टोमॅटो १६०, दूध १८००. एकूण २६३०. हाच तो धाकट्या भावाने पाहिलेला आकडा. आजची पिशवी जुन्या भावाने: तूरडाळ २४०, मूगडाळ ३००, टोमॅटो ६०, दूध १७४०. एकूण २३४०. भागाकार ११२.४. म्हणजे चालू भाराने महागाई १२.४ टक्के.

भाव तेच, घर तेच, वही तीच. तरी एक पद्धत २२.८ म्हणते आणि दुसरी १२.४. दोन्हींत गणिताची चूक नाही.

स्प्रेडशीटमध्ये हे करायचं असेल तर A मध्ये नाव, B मध्ये जुना भाव, C मध्ये जुनं प्रमाण, D मध्ये नवा भाव आणि E मध्ये नवं प्रमाण ठेवा. पहिली ओळ लास्पेयरची, दुसरी पाशेची:

```
=SUMPRODUCT(D2:D5,C2:C5)/SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)*100
=SUMPRODUCT(D2:D5,E2:E5)/SUMPRODUCT(B2:B5,E2:E5)*100
```

दोन्ही सूत्रांत वर D आणि खाली B आहे, म्हणजे भाव बदलतात. वर-खाली प्रमाणाचा रकाना मात्र एकच आहे. वर E आणि खाली C पडलं की धाकट्या भावाचा ५.२ टक्के मिळतो, जो किंमत निर्देशांक नाहीच.

पाशेच्या बाबतीत नवखे हमखास एक चूक करतात. लास्पेयरमध्ये भार आणि भावाची पट गुणून बेरीज केली, तर इथेही नवे वाटे घेऊन तसंच करू, असं वाटतं. करून पाहा. आजच्या २६३० रुपयांत तूरडाळीचा वाटा १२.९ टक्के, मूगडाळीचा १२.५, टोमॅटोचा ६.१, दुधाचा ६८.४. हे वाटे भावाच्या पटीने गुणून बेरीज केली की ११९.१ येतात, ११२.४ नाही. कारण आजच्या खर्चाच्या वाट्यात आजचा चढा भाव आधीच मिसळलेला आहे. त्याला पुन्हा पटीने गुणलं की वाढ दोनदा मोजली जाते. इथे गुणायचं नाही, वाट्याला पटीने भागायचं, चारही भागाकारांची बेरीज करायची आणि एक भागिले ती बेरीज घ्यायची. बेरीज ०.८८९७ येते आणि उत्तर पुन्हा ११२.४. गणितात याला हरात्मक सरासरी म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, किलोच्या हिशेबाशी ताळा करून पाहण्याची सवय मात्र ठेवा.

दहा अंकांचा फरक आला कुठून

दोन पिशव्या शेजारी ठेवा. ज्या वस्तूंचे भाव सर्वांत जास्त वाढले, टोमॅटो आणि तूरडाळ, त्याच आईने कमी केल्या. जिचा भाव थोडाच वाढला ती मूगडाळ तिप्पट केली. लास्पेयर जुन्या सहा किलो टोमॅटोंवर अडून बसतो, म्हणून महागलेल्या वस्तूंना जास्त वजन देतो. पाशे दोन किलोंवर मोजतो, म्हणून त्यांना कमी देतो. भाव आणि प्रमाण अशा विरुद्ध दिशेने सरकले की लास्पेयर वर आणि पाशे खाली राहतो. घरात आणि बाजारात बहुतेक वेळा हेच होतं, म्हणून स्थिर भाराचा निर्देशांक महागाई जरा फुगवून दाखवतो असं म्हणतात.

पण हा नियम पाषाणावरची रेघ नाही. समजा एका घरात दोनच खर्च आहेत. शिकवणी तेव्हा एका मुलीची होती, २००० रुपये. किराणा ८००० रुपये. आता शिकवणी ३००० झाली आणि धाकटीही जायला लागली, म्हणून दोन शिकवण्या. किराण्याचे भाव दहा टक्के वाढले, प्रमाण तेच राहिलं. लास्पेयर: ३००० अधिक ८८००, भागिले १००००, म्हणजे ११८. पाशे: ६००० अधिक ८८००, भागिले ४००० अधिक ८०००, म्हणजे १२३.३. इथे पाशे वर गेला, कारण जे महागलं तेच जास्त घेतलं गेलं. आवडी बदलतात, मुलं मोठी होतात, उत्पन्न वाढतं, आणि त्या प्रत्येक वेळी फरकाची दिशा वेगळी असू शकते. म्हणून दोन आकडे आले की आधी कुठल्या वस्तूचं प्रमाण कुठल्या दिशेने हललं ते पाहायचं, मगच फुगलेला कोण आणि दबलेला कोण ते ठरवायचं.

आईच्या पानाबाबत एक गोष्ट मला बोलल्याशिवाय राहवत नाही. पाशेचा १२.४ हा आकडा खरा आहे, पण तो कशातून आला? आमटीत टोमॅटोऐवजी आमसूल पडलं, तुरीचं वरण आठवड्यातून दोनदाच झालं. कोणी मनापासून मूग आवडतात म्हणून मूग घेतले तर ती निवड झाली, परवडत नाही म्हणून घेतले तर ती काटकसर झाली. चालू भाराच्या निर्देशांकाला या दोन्हींतला फरक दिसत नाही. जितकं जास्त मन मारावं तितकी त्यात महागाई कमी भासते. आणि आमसूल तर आपल्या तक्त्यात नाहीच, त्यामुळे तो बदल दोन्ही निर्देशांकांतून निसटला. वस्तूंची यादीच अपुरी असेल तर भार कितीही नीट लावले तरी असं होतं.

दोघांच्या मध्ये राहायचं असेल तर अर्व्हिंग फिशर यांचा आदर्श निर्देशांक आहे. लास्पेयर आणि पाशे यांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचं. इथे १२२.८ आणि ११२.४ मधून ११७.५ येतात. आकडा समतोल आहे, पण त्याला दोन्ही काळांचं प्रमाण लागतं. तिथेच व्यवहारात सगळं अडतं.

मग सरकार चालू भार का घेत नाही

पहिलं कारण सरळ आहे. भाव दर महिन्याला दुकानात जाऊन विचारता येतात. घराघरांत किती किलो आलं हे दर महिन्याला देशभर विचारता येत नाही. त्यासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे लोक घरी येऊन लांबलचक प्रश्नावली भरून घेतात. त्याला वर्ष जातं आणि आकडे तयार व्हायला आणखी वेळ लागतो. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ आधार वर्षाच्या मालिकेत भार २०११-१२ च्या उपभोग खर्च सर्वेक्षणातले होते आणि ते अनेक वर्षं तसेच राहिले.

दुसरं कारण पुस्तकांत कमी येतं, पण माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे. आईच्या पानाचा तिसरा महिना कल्पून पाहा. एकही भाव हललेला नाही: तूरडाळ १७०, मूगडाळ ११०, टोमॅटो ८०, दूध ६०. पण दिवाळीला पाहुणे आले, म्हणून आईने हात सैल सोडून जुन्याच प्रमाणात सगळं आणलं. आता पाशे काढा. पिशवी जुनी, म्हणून उत्तर लास्पेयरचंच येईल: १२२.८. गेल्या महिन्यात ११२.४, या महिन्यात १२२.८. महिन्याभरात नऊ टक्क्यांहून जास्त महागाई, आणि बाजारात एका पैशाचा बदल नाही! पाशेची आधार काळाशी तुलना शुद्ध असते, पण त्याचे दोन लागोपाठचे महिने एकमेकांशी ताडले की त्यात प्रमाणाचा बदल शिरतो. महिन्यामागून महिना वाचायच्या आकड्याला हे परवडत नाही. स्थिर भारात मात्र आकडा हलला याचा अर्थ कुठला तरी भाव हललाच.

पाशे पद्धत सरकारी कामात अगदीच नाही असं नाही. चालू किमतींवरच्या सकल देशांतर्गत उत्पादनाला स्थिर किमतींवरच्या उत्पादनाने भागून जो डिफ्लेटर निघतो, तो याच जातीचा आहे. दर महिन्याला नव्हे, तर सगळे आकडे हाती आल्यावर काढायच्या गोष्टीसाठी ती पद्धत बसते.

चौथी पायरी: सरकारी आकडा भारांसकट वाचणे

आता हीच नजर घेऊन छापील आकड्याकडे या. २०१२ च्या मालिकेत ग्रामीण आणि शहरी मिळून अन्न व पेय गटाचा भार ४५.८६ होता. ग्रामीण भागासाठी तो ५४.१८ आणि शहरी भागासाठी ३६.२९. भाज्यांचा एकत्रित भार ६.०४. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने सगळ्यांचे डोळे पांढरे केले होते. तेव्हा भाज्यांची वार्षिक महागाई ३७.३४ टक्के होती आणि एकूण महागाई ७.४४ टक्के. ३७.३४ ला ६.०४ टक्क्यांनी गुणा, सव्वादोनच्या जरा वर येतात. म्हणजे सातेक टक्के महागाईत ढोबळमानाने सव्वादोन अंक एकट्या भाज्यांचे.

ढोबळमानाने म्हटलं, कारण इथे एक बारकावा आहे. भार आधार वर्षाचे असतात, पण भाव वेगवेगळ्या वेगाने वाढत गेले की प्रत्येक वस्तूचं आजचं वजन आपोआप सरकतं. आपल्याच पानावर बघा. टोमॅटोचा भार ७.२ लिहिलेला आहे. पण भाव ८० झाल्यावर त्या स्थिर पिशवीच्या ३०७० रुपयांपैकी ४८० रुपये टोमॅटोचे आहेत, म्हणजे १५.६ टक्के. उद्या टोमॅटो ८० वरून ४० वर आला, तर पिशवी २४० रुपयांनी उतरेल आणि निर्देशांक ७.८ टक्क्यांनी खाली येईल. ७.२ ला निम्मं करून ३.६ धरणारा माणूस इथे फसतो. म्हणून वार्षिक महागाईतली भर नेमकी काढायची असेल तर वर्षापूर्वीचा त्या गटाचा निर्देशांक भागिले एकूण निर्देशांक, या गुणोत्तराने भार आधी दुरुस्त करून घ्यायचा.

पाचवी पायरी: भार बदलले की काय होतं

लोकांच्या खर्चात अन्नाचा वाटा घटत गेला आहे. उपभोग खर्च सर्वेक्षणात २०११-१२ मध्ये तो ग्रामीण भागात ५२.९० टक्के आणि शहरी भागात ४२.६२ टक्के होता. २०२३-२४ मध्ये अनुक्रमे ४७.०४ आणि ३९.६८. याच नव्या सर्वेक्षणाचे भार घेऊन ग्राहक किंमत निर्देशांकाची २०२४ आधार वर्षाची मालिका तयार झाली. त्याआधी केंद्राच्या श्रम ब्युरोच्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात हेच घडलं होतं. २०२० च्या सप्टेंबरपासून २०१६ हे आधार वर्ष आलं आणि अन्नाचा भार ४६.२ वरून ३९ च्या आसपास आला. या निर्देशांकाच्या केंद्रांत पुणेही आहे, आणि महागाई भत्ता याच्याच अखिल भारतीय आकड्यावर ठरतो.

अन्नाचा भार उतरला म्हणजे महागाई कमी दिसणार, असं सरसकट बोललं जातं. गणित करून पाहू. समजा अन्न १० टक्क्यांनी महागलं आणि बाकी सगळं ५ टक्क्यांनी. जुन्या ४६.२ भाराने महागाई ७.३ टक्के, नव्या ३९ भाराने ६.९५ टक्के. खरंच कमी दिसली. आता उलट वर्ष घ्या, पीकपाणी चांगलं आलं, अन्न फक्त २ टक्के वाढलं आणि बाकी ५ टक्केच. जुन्या भाराने ३.६, नव्या भाराने ३.८. आता जास्त दिसली! म्हणजे भार बदलल्याचा परिणाम कुठल्या दिशेला जाणार हे भारावर एकट्यावर ठरत नाही. भार जिथून काढला आणि जिथे टाकला, त्या दोन गटांतला कोण जास्त वेगाने महागतोय यावर ठरतं. एक गोष्ट मात्र दोन्ही वर्षांत सारखी आहे: अन्नाचे भाव उसळले किंवा कोसळले तर नवा निर्देशांक जुन्यापेक्षा कमी हेलकावे खाईल. आणि रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के, वर-खाली दोन टक्के मोकळीक, अशा चौकटीत हे दशांश-दोन दशांश क्षुल्लक राहत नाहीत.

भार कोणाचा, हेही विचारायला हवं. अधिकृत भार सगळ्या घरांचा एकूण खर्च एकत्र करून काढतात. त्यामुळे महिन्याला लाख खर्च करणाऱ्या घराचा प्रभाव दहा हजार खर्च करणाऱ्या घराच्या दहापट पडतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरात निम्म्याहून जास्त पैसा खाण्यातच जातो. डाळ-भाजी भडकली की त्या म्हणतात, "ताई, पेपरात काही का लिहीनात, आमचं तर कंबरडं मोडलं." त्यांचं म्हणणं आणि छापील आकडा, दोन्ही बरोबर असू शकतात. त्यांच्या घराचे भार घेऊन तोच हिशेब मांडला की वेगळा आकडा येतो, आणि तो त्यांच्यापुरता जास्त खरा असतो.

मालिका जोडताना

आधार वर्ष बदललं की निर्देशांक पुन्हा शंभराच्या जवळून सुरू होतो. जुना ३०० च्या वर गेलेला आकडा आणि नवा ११८ शेजारी ठेवून महागाई पडली असं समजणारे लोक मी पाहिलेत. त्यासाठी जोड गुणक दिलेला असतो. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात २००१ आणि २०१६ च्या मालिकांमधला अखिल भारतीय गुणक २.८८ आहे. नव्या मालिकेत १४० असेल तर जुन्या पायावर तो १४० गुणिले २.८८, म्हणजे ४०३.२.

गुणकाने पातळी जुळते, भार जुळत नाहीत. सांध्याच्या आधीची महागाई जुन्या पिशवीची आणि नंतरची नव्या पिशवीची राहते. म्हणून लांब पल्ल्याचा आलेख काढताना सांध्याच्या महिन्यावर उभी रेघ मारून ठेवा, आणि ज्या वर्षाची तुलना सांध्याच्या दोन बाजूंना पडते तिथे एकूण आकड्याबरोबर अन्न आणि अन्नेतर असे दोन गट वेगळे मांडून पाहा. दोन्ही गट आधीच्याच वेगाने वाढत असतील आणि एकूण आकडाच तेवढा मोडलेला दिसत असेल, तर तो मोड बहुतेक भार बदलल्याचा असतो.

आईच्या वहीत मी आता पाचवी ओळ आखून दिली आहे, आमसुलाची. तिने त्यात पहिल्याच महिन्यात लिहिलं, पाव किलो.